सहा ऋतूंची रजा

कुरुळी, ८ फेब्रुवारी

ती. अण्णांना नमस्कार.

हे पत्र मी मुलगी म्हणून लिहीत नाही. कंपनीच्या कामासाठी लिहितेय, त्यामुळे न वाचता परत पाठवायचं काही कारण नाही. फोन तुम्ही घेत नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "कागद आला तर वाचतील गं. भज्याला गुंडाळलेला पेपरसुद्धा वाचल्याबिगर टाकत नाहीत." म्हणून कागद.

काम असं आहे. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे गिअर बनतात आणि शिफ्टला कोण येणार, कोण नाही, हे बघायचं काम माझ्याकडे आहे. लाइनवरची बहुतेक माणसं शेतकऱ्यांच्या घरातली. काही मावळातली, भातवाली. काही इथली, कुरुळी-चाकणची, कांदा-बटाटेवाली. आणि बरीचशी आपल्याकडची, लातूर-धाराशिवची. सगळ्यांना पेरणीला, काढणीला घरी जायचं असतं.

गेल्या वर्षी परदेशातल्या हेड ऑफिसनं रजेचा नवा नियम पाठवला. वर्षाचे चार सीझन. मार्च ते मे स्प्रिंग, जून ते ऑगस्ट समर, सप्टेंबर ते नोव्हेंबर ऑटम, डिसेंबर ते फेब्रुवारी विंटर. प्रत्येक सीझनला प्रत्येकाला एक मोठी रजा, पण एका सीझनमध्ये ठरावीक माणसंच सुट्टीवर. कँटीनमध्ये चार मोठी पोस्टरं लागली. समरच्या पोस्टरवर एक गोरा माणूस छत्रीखाली वाळूत लोळतोय. आमच्याकडे तेव्हा मुसळधार पाऊस चालू होता. छत्री तेवढी बरोबर होती.

झालं काय, की स्प्रिंगच्या रजा कांदेवाल्यांशिवाय कोणी घेईना आणि समर, ऑटमच्या रजांवर भांडणं. ज्याला मिळाली नाही तो न सांगताच गावी गेला. दोनदा लाइन बंद पडली. आता हेड ऑफिस म्हणतंय, ही शेतीवाली माणसं कमी करा, बाहेरून ठेकेदाराची माणसं घ्या. आमचे प्लँटप्रमुख यशवंतराव साहेब निगडीचे, भले माणूस आहेत. त्यांनी मला सांगितलं, "वर्षाराणी, वेगळं काही सुचत असेल तर वर्ष संपायच्या आत सुचवा."

तर विचारायचं ते एवढंच, आपल्याकडची कामं नेमकी कधी कधी येतात? मी शेतात वाढले, पण तारखा कधी लक्षात ठेवल्या नाहीत. भूक लागली की डबा घेऊन यायचे तेवढंच आठवतं.

ज्या माणसाशी मी लग्न केलं त्याचं नाव या पत्रात येणार नाही. कामाचं पत्र आहे.

कळावे,
वर्षाराणी


कुरुळी, १ मार्च

ती. अण्णांना नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. पत्त्यावर "शिफ्ट नियोजन अधिकारी" आणि आत "महोदया". दोन वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर बघितलं, आणि ते महोदयेला आलेलं. पोस्टमन थांबला होता, म्हणून हसले फक्त.

तुम्ही लिहिलंत, "चार ऋतू ज्या देशात बर्फ पडतं त्या देशाचे. तिथं एकदाच पेरायचं, एकदाच काढायचं. त्यांना ते पुरतात. आपल्याकडे पावसावर एक पीक आणि पावसानं मुरवलेल्या ओलीवर दुसरं. एका वर्षात दोनदा पेरा, दोनदा रास. ते चारात कसं बसेल? पानं कधी गळतात ते खिडकीतून बघावे."

बघितलं, अण्णा. कंपनीच्या गेटवरचा पिंपळ आत्ता, शिशिरात, पानं टाकतोय. ऑटमचं लाल पानांचं पोस्टर आम्ही ऑक्टोबरच्या उन्हात घाम पुसत बघितलं होतं.

तुमच्या कार्डावरून मी आपल्याकडची कामं मांडली. मृगापासून सोयाबीन, तूर, उडीद-मुगाची पेरणी. पोळ्याच्या सुमारास मूग-उडदाची तोडणी. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, आणि रान मोकळं झालं की लगेच ज्वारी, हरभरा. येळवशीनंतर, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येनंतर, तूर. मग माघ-फाल्गुनात हरभरा आणि ज्वारी. हे चार सीझनवर ठेवून बघितलं, तर ऑटममध्ये एक पीक काढायचं आणि दुसरं पेरायचं, दोन्ही एकदम. एक रजा, दोन कामं. माणूस न सांगता जाईल नाहीतर काय!

सहा ऋतूंवर ठेवल्यावर मात्र बरंच सुटसुटीत झालं. वसंतात नांगरट आणि जत्रा. ग्रीष्माच्या शेवटाला पेरणी. वर्षा ऋतूत खुरपणी, कोळपणी. शरदात काढणी आणि रब्बीचा पेरा. हेमंतात तूर. शिशिरात रब्बीची रास. शरदात दोन कामं राहिलीच, पण ती लागोपाठची, एका रजेत उरकतात; ऑटममध्ये सप्टेंबरची मूग-उडदाची तोडणीही त्याच रजेत मागावी लागते.

सासरे गेनूआबा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "सुनबाई, ह्यात आमचा कांदा कुटं हाय?" मग त्यांनी सांगितलं. रोप टाकायचं दिवाळीच्या आसपास, लावायचं हेमंतात, काढायचा वसंतात. बटाटा शरदात लावायचा, शिशिरात काढायचा. विंटरमध्ये कांद्याची लावण आणि बटाट्याची काढणी एकाच खान्यात कोंबली होती. हेमंत आणि शिशिर वेगळे केल्यावर दोघांना आपापली जागा मिळाली. आबा खूश. त्यांच्याकडे अजून सगळी जमीन आहे, अण्णा. चाकणची माणसं जमीन विकून गाडी घेतात असं तुम्ही लग्नाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला होतात. यांच्याकडे गाडी नाही. हे फक्त माहितीसाठी.

मी महिन्यांची नावं घालून तक्ता केलाय. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. पाडव्यानंतर साहेबांना दाखवणार. चुकलं असेल तर महोदयेला कळवावे.

आपली,
वर्षाराणी


कुरुळी, २९ मार्च

ती. अण्णांना नमस्कार.

कार्ड वेळेवर आलं, नाहीतर फजिती होती. सगळ्या कार्डावर एकच ओळ: "यंदा अधिक ज्येष्ठ आहे. पंचांग उघडून बघ."

"बघ" लिहिलंत. "बघावे" नाही. मी गोरक्षला दाखवलं. (नाव आलं. असू दे. नवऱ्याचं नाव टाळून पत्र लिहिणं शिफ्ट लावण्यापेक्षा अवघड आहे.)

पंचांग उघडलं आणि डोक्याला हात लावला. यंदा ज्येष्ठ दोनदा. म्हणजे माझा ग्रीष्म मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तीन महिन्यांचा! पेरणी, भाताची रोपं, भाताची लावणी, सगळं पुन्हा एकाच खान्यात. मी मोठ्या हौसेनं त्यांचा समरच परत आणला होता, फक्त मराठी नाव देऊन.

मग दोन दिवस आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो. गोरक्ष म्हणाला, "आबा पेरताना तिथी बघत नाहीत, नक्षत्र बघतात. मृग दरवर्षी सात-आठ जूनलाच लागतो. तो कसा हलत नाही?" तिथून उलगडत गेलं. महिने चंद्राचे. चंद्राचं वर्ष सूर्यापेक्षा अकरा-एक दिवसांनी छोटं, म्हणून दिवाळी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. संक्रांत मात्र चौदा-पंधरा जानेवारी सोडत नाही, कारण ती सूर्याची. पावसाची नक्षत्रंही सूर्याचीच. मग ऋतूसुद्धा सूर्याच्या महिन्यांनी का मोजू नयेत? मकर संक्रांतीपासून दोन-दोन राशी धरत गेले. मध्य जानेवारी ते मध्य मार्च शिशिर. मग मध्य मेपर्यंत वसंत, मध्य जुलैपर्यंत ग्रीष्म, मध्य सप्टेंबरपर्यंत वर्षा, मध्य नोव्हेंबरपर्यंत शरद आणि पुन्हा संक्रांतीपर्यंत हेमंत. नावं जुनीच, तारखा दरवर्षी त्याच. कंपनीच्या कॉम्प्युटरला अधिक महिना समजावून सांगायची गरज नाही.

बरोबर आहे ना? तुम्ही मारुतीच्या पारावर पाडव्याला पंचांग वाचता, तेव्हा हे सांगत असणार. मी लहानपणी प्रसादाची वाट बघत बसायचे, ऐकलं कुठे!

एक गोष्ट मात्र पंचांगालाही विचारायची आहे. वर्षा ऋतू श्रावणात लागतो म्हणतात, आणि आपल्याकडे पाऊस मृगातच येतो. ग्रीष्माचा अर्धा भाग भिजलेलाच असतो. मावळात तर आषाढात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणजे सहा ऋतूही आपल्या मापानं शिवलेले नाहीत, थोडे उत्तरेकडचे असणार. मी तसं साहेबांना सांगणार आहे. आपलं म्हणून झाकून ठेवायचं नाही.

आपली,
वर्षाराणी


कुरुळी, १६ मे

ती. अण्णांना नमस्कार.

मंजूर झालं! ग्रीष्म, वर्षा आणि शरद, तीन ऋतू करून बघायचे. लाइन बंद पडली नाही तर कायम. पडली तर ठेकेदार.

साहेबांनी सोपं सोडलं नाही. म्हणाले, "चार नकोत म्हणता, पण आपलं हवामान खातंही चारच करतं." मी तयारीत होते. म्हटलं, "साहेब, ते चार निराळे. थंडीचे दोन महिने, उन्हाळ्याचे तीन, पावसाचे चार आणि परतीच्या पावसापासूनचे तीन. आकाश बघायला ते उत्तम. पण पावसाच्या चार महिन्यांत पेरणी, लावणी, खुरपणी आणि मुगाची तोडणी सगळं येतं. रजेला ते मोठे पडतात."

"मग आपले साधे तीन का नकोत? उन्हाळा, पावसाळा, हिवाळा?"

"तेच तीन मधोमध फोडले की सहा होतात."

ते हसले. मग मुद्द्याचं विचारलं, "हेड ऑफिसला हे देवधर्माचं वाटेल, त्याचं काय?"

"नावं बदला हवी तर. तारखा बदलू नका."

"नावं राहू द्या," साहेब म्हणाले. "ती वाळूतल्या माणसाची पोस्टरं उतरवायला मला निमित्तच हवं होतं."

खरी गंमत तक्ता भिंतीवर लागल्यावर कळली. मी तिन्ही भागांची कामं तीन रंगांत दाखवली होती. बघते तर रंग एकमेकांवर चढतच नव्हते! आपल्याकडची पेरणी जूनमध्ये, मावळातली लावणी जुलैत. आपलं सोयाबीन ऑक्टोबरच्या तोंडाला निघतं तेव्हा मावळात इंद्रायणी जातीची साळ अजून उभी असते. ती कापायला येते दिवाळीच्या पुढेमागे, तोवर आपली ज्वारी पेरून झालेली. इथला कांदा लागतो त्याच्याही नंतर. चार सीझनच्या नियमात हे सगळे एकाच वेळी रजा मागताना दिसायचे आणि भांडायचे. खरं तर एक गावी गेला की दुसरा मोकळाच होता.

लाइनवर प्रज्वल म्हणून निगडीचा मुलगा आहे, पिढ्यान्पिढ्या जमीन नाही. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या बाल्कनीत तुळस आहे. मला कुठला ऋतू?" मी म्हटलं, तुला उरलेला. त्याला संपत आलेला वसंत आधीच दिला, मेच्या सुरुवातीच्या लग्नांना जाऊन आला, खूश आहे. बिनशेतीवाल्यांना नको असलेल्या तारखा मिळत नाहीत, उलट सुट्टीच्या दिवसांतल्या मिळतात, हे बघून तेही आमच्या बाजूला आले.

तुमच्या शेवटच्या कार्डावर वर "चि. वर्षाराणीस" होतं. मी काही म्हणत नाही. नजर लागायची.

तुम्ही लिहिलंत, "मृग लागला म्हणून कोणी पेरत नाही. ओल वीतभर खाली गेली तरच पेरायचं, नाहीतर बी वाया जातं आणि दुबार पेरणी येते. तुझा साहेब तारीख मागेल, तारीख नाही, हे त्याला सांग." सांगितलं. त्यातून नवा नियम निघाला. ग्रीष्मातली रजा आधी तारीख न देता घ्यायची, आदल्या दिवशी कळवलं तरी चालेल. पोरांनी तिला नाव ठेवलंय, ओलीची रजा.

तुमची,
वर्षाराणी


कुरुळी, २६ जुलै

ती. अण्णांना नमस्कार.

उशीर झाला लिहायला. आपल्याकडे पाऊस लांबला हे तुम्ही बघितलंच, पण आमच्या कंपनीत काय झालं ते कळलं नसेल.

आपल्याकडे मृग कोरडा गेला. आर्द्राही जवळजवळ तशीच. लातूरची मंडळी रोज घरी फोन करायची, "ओल आली का?" आणि मान हलवत मशीनवर उभी राहायची. शेवटी जुलैच्या तोंडाला पाऊस झाला आणि एका संध्याकाळी सगळे माझ्या टेबलापाशी. औशाकडचा भीमराज सगळ्यांच्या पुढे. "ताई, ओल आली. आम्ही निघायलोत."

त्याच आठवड्यात मावळात लावणी. आणि त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर. माझे रंग एकमेकांवर चढले, अण्णा. साहेबांनी तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ऑर्डरचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी मावळच्या पोरांना एकत्र बसवलं. म्हटलं, तुम्ही थोडं पुढे ढकलू शकाल का? ज्ञानेश म्हणून पवनेकडचा एक जण आहे, तो चिडला. "मॅडम, रोप थांबत नाही. एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की उपटून लावायलाच पाहिजे. रोपाचं वय वाढलं की फुटवे कमी येतात." आणि तो बोलता बोलता मलाच उत्तर सापडलं. म्हटलं, "म्हणजे तुमची तारीख पावसावर नाही. रोपवाटिकेत बी ज्या दिवशी टाकलं त्यावर आहे. ते कधी टाकलं?"

सगळे आठवू लागले. कुणाचं मृगाच्या सरीवर टाकलेलं, कुणी विहिरीच्या पाण्यावर आधीच टाकलेलं, कुणी आठवडाभर मागे. म्हणजे लावणी सगळ्यांची एकदम नव्हतीच! ज्यांचं रोप आधी तयार, ते लगेच गेले. ज्यांचं मागचं होतं, ते लातूरवाले परत येईपर्यंत थांबले, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. पुढच्या वर्षी बी टाकलं त्याच दिवशी मला सांगायचं, असं ठरलंय. आपल्याकडची तारीख कोणालाच आधी सांगता येत नाही, मावळची मात्र तीन आठवडे आधी कळते. दोन्हींना एकच नियम लावत होते, तिथं चुकत होते.

मधले चार-सहा दिवस तरी माणसं कमी पडलीच. प्रज्वलनं ओव्हरटाइम केला. गोरक्षही याच लाइनवर, त्यानं दोन शिफ्ट सलग केल्या. मीसुद्धा पॅकिंगच्या टेबलावर उभी राहिले. शेवटी साहेब आले, बाह्या सरसावल्या आणि खोक्यांना पट्टी मारू लागले. सगळ्या पट्ट्या तिरक्या. ऑर्डर वेळेत गेली. तिरक्या पट्ट्यांसकट.

गोरक्षनं त्यानंतर ज्ञानेशच्या शेतावर एक दिवस लावणी केली. कांदेवाला माणूस, चिखलात उभं राहायची सवय नाही. दोनदा बसला. मावळची मंडळी अजून हसताहेत.

तुमचं पेरून झालं का? आई म्हणाली, तुमची कंबर धरली आहे आणि तरी तिफणीमागं गेलात. हे मला कार्डावर का लिहिलं नाहीत?

तुमची,
वर्षाराणी


कुरुळी, २५ ऑक्टोबर

ती. अण्णांना नमस्कार.

तुमचं कार्ड नाही, म्हणून मीच लिहितेय. अर्थात बातमी पोचलीय. भीमराज शरदाची रजा संपवून आला आणि पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येऊन हसतच उभा राहिला.

म्हणाला, औशाच्या बाजारात तुम्ही त्याला गाठलंत. "कंपनीवाला ना तू? ऐन काढणीत बाजारात कसा? काम सोडलास का?" तो म्हणाला, "नाही काका, रजेवर हाव. सोयाबीन काढलं, ज्वारी पेरून जाणार." तुम्ही म्हणालात, "एवढी रजा कोण दिलं तुला?" तो म्हणाला, "तुमच्याच लेकीनं. आणि ती म्हणत होती की सगळं तिच्या अण्णांनी शिकवलं."

मग म्हणे तुम्ही सोयाबीनच्या पोत्यात हात घालून दाणे बघितलेत. आणि त्याला चहा पाजलात. भीमराज म्हणतो, "ताई, दोन कप पाजले. आणि माझ्या रानात येऊन ज्वारीची ओळ सरळ पडली का बघून गेले."

तुमची कंबर अशी, आणि तुम्ही लोकांच्या रानात ओळी बघत फिरता!

शरद संपत आला. लाइन एकदाही थांबली नाही. साहेबांनी हेड ऑफिसला अहवाल पाठवलाय. तिकडून एकानं विचारलं म्हणे, की हेमंत म्हणजे ऑटम की विंटर? साहेबांनी उत्तर दिलं, "दोन्ही नाही. पिकाला दव मिळतं आणि माणसाला भूक लागते तो काळ." ठेकेदाराचं नाव कोणी काढत नाही आता.

दिवाळीला या, असं मी लिहीत नाही. दिवाळीत तुमच्याकडे हरभऱ्याचा पेरा असतो, मला माहीत आहे. पण पुढे तूर येईपर्यंत आपणास, म्हणजे श्री. मालोजी शिंदे यांना, रानात फारसं काम नसतं. हेमंताची रजा तुमचीही आहे. शिफ्ट नियोजन अधिकाऱ्यानं मंजूर केलीय.

तुमची,
वर्षा


कुरुळी, १२ डिसेंबर

प्रिय आईस,

हे पत्र तुला. अण्णांना लिहायचं कारण उरलं नाही, ते ओसरीवर बसलेत.

तुला वाटत असेल दोन दिवसांसाठी गेले आणि तीन आठवडे झाले, काय झालं? काही झालं नाही. इतक्यात परत येत नाही म्हणतात.

आल्या दिवसाचं तुला सांगितलंच नाही नीट. चाकणच्या स्टँडवर गोरक्ष आणायला गेला होता. मी कंपनीतून धावत घरी आले तर दोघं अंगणात, मध्ये ज्वारीचं पोतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता महोदया म्हणतात की काय. म्हणाले, "वाळलीस." मग गोरक्षकडे वळून, "जेवत नाही का ही?" गोरक्ष घाबरून म्हणाला, "जेवते की!" तेवढंच झालं, आई. दोन वर्षांचं सगळं त्या दोन वाक्यांत संपलं, आणि मी पोतं उचलायचं निमित्त करून आत जाऊन रडले. सासूबाईंनी, म्हणजे पुतळाआत्यांनी, बघितलं. फक्त चुलीवर पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गेनूआबांनी त्यांना कांद्याची रोपं दाखवली. तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. अण्णांचं म्हणणं, हेमंत हा सगळ्यात रिकामा ऋतू, पीक दवावर वाढतं, माणसानं हुरडा खावा. आबा म्हणतात, "आवं मालोजीराव, हेमंतात आमाला जेवाय टाइम न्हाई. रोपं उपटायची, सऱ्या पाडायच्या, लावण करायची. रिकामा ऋतू म्हंजी वर्षा." अण्णा म्हणाले, "वर्षा ऋतूत खुरपणी कोण करतं तुमच्याकडे?" आबा म्हणाले, "बाया." तेव्हा पुतळाआत्या आतून बाहेर आल्या, आणि दोघंही रोपं बघायला उठून गेले.

आता लावण चालू आहे. अण्णा वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि रोप किती खोल लावायचं ते बायकांना सांगतात. आयुष्यात कांदा लावला नाही त्यांनी. बायका ऐकून घेतात आणि आपल्या पद्धतीनं लावतात. काल मात्र एकीनं त्यांच्या हातात जुडी दिली, "लावा की आण्णा, सांगताय तर." लावली. कंबर धरून, हळूहळू, एक अख्खी ओळ. वाकडी आली. आबांनी ती काढू दिली नाही.

रविवारी साहेबही आले होते निगडीहून. अण्णांशी दोन तास बोलले. निघताना मला म्हणाले, "तुमचे वडील म्हणतात, पुढच्या वर्षी तूर आणि कांद्याची लावण एका आठवड्यात येऊ शकते. बघा." म्हणजे मला काम लावून ठेवलंय त्यांनी.

रात्री गोरक्ष आणि ते ओसरीवर गप्पा मारतात. मी आत असले की कशावर बोलतात ते ऐकू येत नाही, पण हसणं ऐकू येतं. अण्णांचं हसणं, आई. मला माहीतच नव्हतं की ते इतक्या मोठ्यानं हसतात. तुला माहीत होतं का?

आता मुद्द्याचं. अण्णा म्हणतात, तूर काढायला जाईन. पण तुरीला अजून वेळ आहे आणि इथला कांदा अजून अर्धा लागायचा आहे. येळवसही अधिक महिन्यामुळे यंदा जानेवारीत आहे. त्या दिवशी रानात जेवायला तू एकटी बसणार का? इकडेच ये. इथं येळवस करत नाहीत, पण मी आत्यांना सांगितलंय, आणि अण्णांनी आबांना सांगितलंय, आणि आता ओसरीवर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी कशी करायची यावर भांडण चालू आहे. दोघांनाही येत नाही. मला अर्धी येते. अंबील किती आंबवायची ते कोणालाच माहीत नाही.

भीमराज शनिवारी गावाहून येणार आहे, त्याच्यासोबत निघ. चवळी, वाल आणि भुईमूग तिकडूनच आण. घर-रान सोडून रजा टाकू नकोस म्हणून सांगतील अण्णा, ऐकू नकोस. कुलूप लाव आणि ये.

तुझी,
वर्षा